चुकांच्या वहीतले साडेसात बैल

वेल्ह्याचे गुरुजी आमच्या ओटीवर पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना विद्यार्थ्याचे वडील समजले. भरघोस मिशा, डोक्याला फेटा, पायात करकरणाऱ्या वहाणा. मी आत जाऊन काकांना सांगितलं, "कुणीतरी मुलाची शिकवणी ठरवायला आलेत." काका बाहेर आले, त्यांनी गुरुजींना आदरानं बसवलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे मुलाची नाही, स्वतःची शिकवणी ठरवायला आलेत. तुझ्याच जोडीला बसतील."

मला हसू आवरलं नाही. हसू दाबायला मी तांब्याभांडं आणायच्या निमित्तानं आत पळाले आणि माजघरात पोटभर हसून घेतलं. मी मॅट्रिकच्या वर्गातली, दोन वेण्यांची पोरगी. आणि माझ्या जोडीला हे एवढे मोठे गुरुजी, ज्यांच्या छडीला वेल्ह्याच्या शाळेतली पोरंच काय, पोरांचे बापही भीत होते!

ती युद्धाची वर्षं. भोर संस्थानच्या शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेले माझे थोरले काका घरीच शिकवण्या घेत. गुरुजींची अडचण सरळ होती. वेल्ह्याच्या शाळेत ते दुय्यम शिक्षक होते. हेडमास्तर लवकरच जाणार होते आणि ती जागा मॅट्रिक झालेल्यालाच मिळणार होती. गुरुजी बाहेरून परीक्षेला बसत आणि दरवेळी गणित त्यांना परत पाठवून देई. यंदा नाही जमलं तर कालपरवा मिसरूड फुटलेला कुणी त्यांच्या डोक्यावर येऊन बसणार होता. आणि परीक्षेच्या आधी एक उंबरठा होताच. बाहेरून बसणाऱ्यांनी भोरच्या हायस्कुलातली चाचणी पास केली तरच त्यांचा फॉर्म पुढे जायचा.

"गुरुजी, तुम्हाला गणित येत नाही असं मला वाटत नाही," काका म्हणाले. "तुम्हाला चुका येतात. त्या आपण नीट शिकून घेऊ."

गुरुजींना हे फारसं आवडलेलं दिसलं नाही. चुका दुसऱ्यांना दाखवण्यात त्यांची हयात गेली होती.

काकांची रीत अशी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की गुरुजी वेल्ह्याहून निघत, नसरापूरला मोटार धरत आणि दिवेलागणीला भोरात पोचत. मुक्काम त्यांच्या साडूकडे. आठवडाभर सोडवलेली गणितं ते रविवारी सकाळी काकांपुढे ठेवत. मीही माझी ठेवी. काका लाल पेन्सिल घेऊन बसत आणि जिथं गाडी घसरली त्या ओळीभोवती फक्त एक गोल काढत. काय चुकलं ते सांगत नसत. बरोबर सुटलेल्या गणिताकडे तर ते ढुंकूनही बघत नसत. एकदा मी कुरकुरले, "काका, बरोबर आलेल्याला शाबासकी नको का?" तर म्हणाले, "ते मेलेले उंदीर आहेत. मांजरानं जिवंताकडे बघावं."

मग निघे चुकांची वही. पानावर उभ्या रेघा मारून घरं पाडलेली. पहिल्या घरात चुकलेली ओळ होती तशी उतरवायची. दुसऱ्यात चुकीचा प्रकार : समजुतीची, रीतीची, चिन्हाची, आकडेमोडीची की नुसती उतरवून घेण्याची. तिसऱ्यात कारण. चौथ्यात दुरुस्त केलेली रीत. आणि पुढच्या रविवारी तेच गणित, आणि त्याच्या जोडीला तसलंच एक नवं, कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवून दाखवायचं.

प्रकार लिहायला सोपे. खरा तमाशा कारणाच्या घरात. पहिल्या रविवारी आम्ही दोघांनी ते घर वरपासून खालपर्यंत एकाच शब्दानं भरलं होतं : घाई, घाई, घाई, घाई. काकांनी त्यावर सरळ उभी रेघ ओढली.

"घाई, दुर्लक्ष, नजरचूक, नशीब, हे चार शब्द या घरात चालायचे नाहीत."

"मग लिहायचं काय?" गुरुजींनी विचारलं.

"कारण म्हणजे असं काहीतरी, जे काढून टाकलं की चूक थांबते. घाई कशी काढून टाकणार? ती काय पायातला काटा आहे?"

आणि मग काकांनी आपला खास नियम सांगितला. त्या नियमासाठी मी आजही त्यांना दंडवत घालते. स्वतःच्या चुकीचं कारण माणसाला दिसत नाही, म्हणून कारणाचं घर जोडीदारानं भरायचं. गुरुजींच्या चुकांची कारणं मी लिहायची, माझ्या चुकांची गुरुजींनी.

मला तर स्वर्ग दोन बोटं उरला! आयुष्यात कधी कुठल्या शाळकरी पोरीला गुरुजींच्या वहीत शेरे मारायला मिळालेत?

गुरुजी मात्र न्यायी होते. माझं पहिलं गणित होतं : ३(क्ष + ४) = २क्ष + १९. मी धडाक्यात ३क्ष + ४ = २क्ष + १९ लिहून क्ष पंधरावर आणून ठेवला होता. गुरुजींनी मोत्यासारख्या अक्षरात कारण लिहिलं, "मुलगी दोन पायऱ्या एका उडीत उतरते. उडीत तीन आणि चार यांची गाठच पडली नाही. टाळ्या पडाव्यात म्हणून उडी मारते असे वाटते." शेवटचं वाक्य खोडा म्हणून मी किती विनवण्या केल्या, पण काका म्हणाले, "राहू दे. सगळ्यात खरं तेच आहे." आणि होतंच खरं. पायरी पायरी लिहून काढल्यावर माझे क्ष निमूटपणे सातवर येऊन बसू लागले.

आता गुरुजींची चूक बघा. गणित असं : एका शेतकऱ्याच्या बैलांच्या सातपटीतून, बैलांच्या तिपटीपेक्षा पाच कमी एवढी संख्या वजा केली तर पंचवीस उरतात, तर बैल किती? गुरुजींनी मांडणी चोख केली होती : ७क्ष − (३क्ष − ५) = २५. पुढची ओळ : ७क्ष − ३क्ष − ५ = २५. म्हणजे ४क्ष बरोबर तीस, आणि उत्तर, बैल साडेसात.

"गुरुजी," मी अगदी साळसूदपणे विचारलं, "अर्धा बैल पुढचा की मागचा?"

गुरुजींच्या मिशा थरथरल्या. "असंल एखादं खुरटं," ते म्हणाले. भोरात ते फार जपून, पुस्तकासारखं बोलत, पण चिडले की वेल्हं बाहेर पडे.

"नांगराला जुंपाल का त्याला?"

"आगं, म्या काय बैल मोजाया बसलोय व्हय? उत्तर आलं ते लिवलं!"

काका वहीत डोकं घालून खोकत होते. खोकला नव्हता तो.

प्रकार ठरला : चिन्हाची चूक. कंसाआधी उणे असलं की कंस सोडताना आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं, हे गुरुजी झोपेतही सांगू शकत होते. नियम विचारला की घडाघड म्हणत. म्हणजे समजुतीचा दोष नव्हताच. मग कारण काय? मी पेन दौतीत बुचकळून लिहिलं, "शनिवारचा उपास. पोटात अन्न नसल्याने दुसरे चिन्ह बदलण्याचे त्राण उरत नाही."

मला वाटलं काका रागावतील. पण काका म्हणजे काका. "ठीक आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "काढून बघू. गुरुजी, येत्या शनिवारी उपास सोडा."

गुरुजींनी मारुतीची मनोमन क्षमा मागितली आणि त्या शनिवारी साडूकडे मटणभाकरी जेवले. रविवारी त्यांच्या कंसांची तीच गत. उपास कारणाच्या घरातून खोडला गेला आणि गुरुजींनी तो पुन्हा धरला.

मग मी लिहिलं, रॉकेलच्या टंचाईमुळे अंधूक दिवा. गुरुजी आठवडाभर उजेडात, अंगणात बसून गणितं करू लागले. शून्य उपयोग. मग लिहिलं, पेनाचं नीब जाड असल्यानं अधिक आणि उणे सारखेच दिसतात. काकांनी आपलं बारीक निबाचं पेन दिलं. गुरुजींनी तसल्याच चुका आता जास्त सुबक अक्षरात केल्या. माझी अक्कल संपत आली आणि चाचणी जवळ येऊ लागली. गुरुजी थट्टा कमी करू लागले. एका रविवारी निघताना ते ओटीच्या पायरीवर थांबले आणि काकांना हळूच म्हणाले, "माझ्या हाताखालून शिकून गेलेला पोरगा उद्या माझा हेडमास्तर होऊन येईल. मी त्याला उठून नमस्कार करायचा. करीन. पण वर्गातली पोरं बघतील हो."

ते गेल्यावर मी पहिल्यांदा त्यांची चुकांची वही हसण्यासाठी नाही, तर वाचण्यासाठी उघडली. सगळे लाल गोल एकाखाली एक बघत गेले. आणि एक गंमत दिसली. कंसातलं पहिलं पद कधीच चुकलेलं नव्हतं. जिथं कंसात तीन पदं होती तिथं दुसरं आणि तिसरं, दोन्ही चुकली होती. उणे कंसात शिरायचं, पहिल्या पदाला भेटायचं आणि तिथून परत फिरायचं.

काकांना दाखवलं तर ते खूश झाले. "आता हे कारण नव्हे, पण कारणाचा पत्ता आहे. पहिल्या आणि दुसऱ्या पदाच्या मधे काहीतरी घडतंय. काय, ते शोध."

"मी कशी शोधू? ते वेल्ह्यात, मी भोरात."

काकूला वेल्ह्याच्या देवीची ओटी भरायची होती आणि काका बरेच दिवस ते पुढे ढकलत होते. ते लगेच उठून आत गेले आणि म्हणाले, "मंगळवारी जाऊ." काकूला वाटलं देवी पावली. तिला बीजगणित पावलं होतं.

नसरापूरपर्यंत मोटार, पुढे छकडा. तोरण्याच्या अंगाखाली वेल्हं दिसायला लागेस्तोवर माझी हाडं खिळखिळी झाली होती. आम्ही गुरुजींच्याच घरी उतरलो. गुरुजी शाळेत होते. त्यांची मंडळी म्हणजे धिप्पाड, हसतमुख बाई. काकूच्या पायावर डोकं ठेवून झाल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तूच व्हय ती, आमच्या मालकास्नी शेरं मारनारी?"

मी चाचरत हो म्हटलं.

"मार बाई, मार. गावाला त्ये मारत्यात, त्येंना कुनी मारत न्हाई." आणि त्यांनी भाकरीची पुरचुंडी माझ्या हातात दिली. "जा, शाळत भाकरी दिऊन ये. न्हाईतर तशीच ऱ्हाईल."

शाळा देवळाच्या पडवीत भरायची. मी खांबाआड उभी राहिले. पडवीत पोरं ही दाटलेली, आणि गुरुजी फळ्याकडे तोंड करून बेरजा लिहीत होते. पडवीला दार नव्हतं. गुरुजींची पाठ फिरली की कडेचं एखादं पोरगं सशासारखं बाहेर उडी घेई. म्हणून गुरुजी काय करत? फळ्यावर एक आकडा लिहीत आणि गर्रकन मान वळवून पोरांकडे बघत. मग पुढचा आकडा. पुन्हा गर्रकन मान. आकडा, मान. आकडा, मान. मधेच "ए, बस खाली!" आणि पुन्हा आकडा. सगळं एका तालात, जणू मृदंग चाललाय.

मी खांबाला टेकून बघतच राहिले. आणि एकदम मला आमची ओटी आठवली. तिथं तर एकही पोरगं पळणारं नव्हतं, तरी गुरुजी गणित सोडवताना एक पद लिहीत, मान वर करून अंगणाकडे रोखून बघत आणि मग पुढचं पद लिहीत! मला वाटायचं, विचार करताहेत. ते पहारा देत होते! इतकी वर्षं तसं लिहून त्यांच्या मानेला सवयच लागली होती. उणे डोक्यात घेऊन पहिलं पद लिहायचे, मान वर, पडवीवर नजर, आणि मान खाली येईपर्यंत उणे पोरांबरोबर पळून गेलेलं असायचं. पुढची पदं मग कंसात होती तशीच उतरत.

मी पुरचुंडीसकट घराकडे पळत सुटले. गुरुजी त्या दिवशी उपाशी राहिले, पण बरोबर आणलेल्या त्यांच्या वहीत मी कारण लिहिलं ते असं : "प्रत्येक पदानंतर मान वर करून पोरे बघतात. परत येईपर्यंत कंसाबाहेरचे उणे विसरते."

संध्याकाळी गुरुजींनी ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग बायकोला म्हणाले, "आगं, म्या लिवताना मान वर करतो व्हय?"

"जेवताना बी करता," ती म्हणाली.

काकांनी लगेच परीक्षा घेतली. गुरुजींसमोर कागद ठेवला आणि हुकूम दिला, कंस बंद होईपर्यंत मान वर नाही. आढं कोसळलं तरी नाही. गुरुजींनी घामाघूम होत गणितं केली. एकही चिन्ह चुकलं नाही. मग दुरुस्त रीत गुरुजींनी स्वतःच्या हातानं लिहिली. आधी कंस जसाच्या तसा उतरवायचा, आतल्या प्रत्येक पदाच्या डोक्यावर बदललेलं चिन्ह बारीक मांडायचं, मगच खालच्या ओळीत कंस सोडायचा. शेवटी उत्तर मूळ गणितात घालून बघायचं. सातपट पस्तीस, तिपटीला पाच कमी दहा, पस्तिसातून दहा गेले पंचवीस. पाच बैल, पाचही धडधाकट.

"आता जुंपा," मी म्हणाले.

"गप गं," गुरुजी म्हणाले, पण मिशीत हसले.

रीत लिहिणं निराळं आणि मानेनं ऐकणं निराळं. पुढचे सगळे रविवार गुरुजी लिहीत आणि मी त्यांचं लक्ष उडवायचं काम करी. ते काम मला कुणी सांगितलं नव्हतं, पण माझ्याइतकं लायक कुणी नव्हतंच. मी भांडी पाडली, मांजर अंगावर सोडलं, अंगणातून "गुरुजी, पोरं पळाली!" म्हणून ओरडले. पहिल्या रविवारी मान प्रत्येक वेळी वर आली. नंतर नुसती थरथरू लागली.

चाचणीच्या दिवशी हायस्कुलच्या मोठ्या वर्गात आम्ही शाळेची मुलं आणि कडेच्या बाकावर गुरुजी. फेटा, मिशा आणि समोर दौत. देखरेखीला ड्रॉईंगचे मास्तर होते. प्रश्नपत्रिका वाटून झाल्यावर ते खुर्चीत बसले आणि थोड्याच वेळात त्यांची हनुवटी छातीला टेकली.

झालं! मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. "तिसऱ्याचं काय आलं रे?" "कागद जरा सरकव की." कागदांची सळसळ वाढली. मी पायरी पायरी लिहीत होते, पण डोळा गुरुजींवर. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती. आयुष्यभर ज्या आवाजावर ते झडप घालत आले तोच आवाज, अगदी पाठीमागे, आणि गुरुजींची लेखणी कंसाच्या मधोमध! डाव्या हातानं त्यांनी बाकाची कड घट्ट धरली. एक पद. ओठ हलले. दुसरं पद. कान लाल झाले. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं गेला, हा कंस गेला. तिसरं पद. कंस बंद.

लेखणी दौतीत पडली आणि अख्ख्या हायस्कुलाला ऐकू जाईल असा आवाज गरजला, "ए! चौथ्या बाकावरच्या! वर बघ! कागद दे हिकडं!"

सगळा वर्ग ताडकन उभा राहिला. ड्रॉईंगचे मास्तरही उभे राहिले आणि झोपेत त्यांनी हात पुढे केला, जणू छडी त्यांनाच बसणार होती. भानावर आल्यावर ते भडकले.

"अहो, देखरेखीला मी आहे की तुम्ही?"

"तुमीच हाय," गुरुजी नम्रपणे म्हणाले, "पन तुमी नव्हता न्हवं." आणि खाली बसून त्यांनी पुढचा कंस उघडला.

याचा परिणाम काय होईल याची मला काळजी लागली. परीक्षेत आरडाओरडा केला म्हणून फॉर्म अडवला तर? काकाही चिंतेत होते. पण हायस्कुलच्या हेडमास्तरांनी चौथ्या बाकावरच्याचा कागद बघितला, त्याच्या शेजाऱ्याचा बघितला, आणि ओरडण्याचा विषय कुणी काढला नाही.

पुढच्या शनिवारी गुरुजी आले ते थेट आमच्या ओटीवर, साडूकडे न जाता. काकांच्या मांडीवर त्यांची उत्तरपत्रिका होती. हेडमास्तरांकडून मागून आणलेली. गुरुजी उभेच राहिले.

"पास आहात. फॉर्म जातोय," काका म्हणाले.

मी आनंदानं किंचाळले. काकू आतून धावत आली. गुरुजी मात्र हलले नाहीत. त्यांची नजर पानावरच्या दोन लाल गोलांवर खिळली होती.

"ते काय हो?"

"चुका."

"कंसाच्या?" गुरुजींचा आवाज अगदी बारीक झाला.

काकांनी उत्तरपत्रिका त्यांच्या हातात दिली. गुरुजींनी ती उजेडात धरली. एका ठिकाणी प्रश्नपत्रिकेतले एकोणसाठ पंचाण्णव म्हणून उतरले होते, दुसरीकडे त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढताना निम्मे करायचं राहिलं होतं. कंस सगळे शाबूत.

"ह्या न्हवत्या की आपल्याकडं!" गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू घरात पाळणा हलला. "काका, ह्या नव्या हायती! एक बी जुनी न्हाई! पोरी, वही आण. प्रकार मी सांगतो, उतरवून घेण्याची एक आणि रीतीची एक. कारण तू लिही. लवकर लिही, मला परतीची शेवटची मोटार गाठून घरी सांगायचंय."

मी पेन दौतीत बुडवलं आणि विचार करत बसले. खूप खूप विचार केला. कोपऱ्यापलीकडे मोटारीचा भोंगा वाजला, वाजत वाजत लांब गेला, आणि गुरुजींनी उत्तरपत्रिकेवरून मान वर केली नाही.